एकाच जागेसाठी तीन टर्बाइनं: निवड कशी करायची?

वाचकाचं पत्र

आमच्या ओढ्यावर छोटा जलविद्युत संच बसवायचा आहे. फोरबेतल्या, म्हणजे पाइपाच्या वरच्या तोंडाशी असलेल्या टाकीतल्या, पाण्यापासून खाली ओढ्याच्या पाण्यापर्यंत उंची मोजली, ती ४२ मीटर भरली. पाइप १८० मीटर लांब, ४०० मिमी व्यासाचा ठरवलाय. ओढ्यात सोडायचं पाणी वजा करून वर्षातले चार महिने सेकंदाला २०० लिटर किंवा त्याहून जास्त मिळतं, पुढचे चार महिने १२० च्या आसपास आणि उरलेले चार महिने जेमतेम ६०. ग्रिडची लाइन इथे नाही. वीज वस्तीसाठीच हवी आहे. एकजण फ्रान्सिस घ्या म्हणतो, दुसरा क्रॉसफ्लो, तिसरा म्हणतो पंपच उलटा चालवा. मी विशिष्ट गती काढली तर एका सूत्राने ११७ आली, दुसऱ्याने १३७, तिसऱ्याने ४२ आणि चौथ्याने ०.७. माझं चुकतंय कुठे? आणि घ्यायचं काय?

उत्तर

तुमचं गणित चुकलेलं नाही. चारही आकडे एकाच यंत्राचे आहेत, फक्त एककं वेगळी. शाफ्टची शक्ती किलोवॅटमध्ये धरली की ११७ येतात. तीच शक्ती मेट्रिक अश्वशक्तीत घातली की आकडा १.१७ पटीने वाढून १३७ होतो. शक्तीऐवजी प्रवाह घेणारं सूत्र वापरलं, तर ४२ येतात. कोनीय गती, घनता आणि गुरुत्वाकर्षण घेऊन सगळी एककं काढून टाकली, की उरतात ०.७. फूट आणि अश्वशक्ती वापरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या हिशेबाने हेच यंत्र ३१ च्या आसपासचं ठरतं. आकडा एका पुस्तकातून घेतला आणि मर्यादांचा तक्ता दुसऱ्या पुस्तकातून, तर मात्र सगळंच फसतं. ४२ हा आकडा किलोवॅटच्या तक्त्यात शोधला की सरळ क्रॉसफ्लोच्या पट्ट्यात बोट जातं, आणि तो निष्कर्ष निव्वळ अपघाताने निघालेला असतो. म्हणून या उत्तरात मी एकच सूत्र धरतो:

```
ns = N × √P / H^1.25
```

N म्हणजे रनरचे, टर्बाइनच्या फिरत्या चाकाचे, मिनिटाला फेरे, P म्हणजे शाफ्टवरचे किलोवॅट आणि H म्हणजे निव्वळ हेड, पाइपातला तोटा वजा करून उरलेली पाण्याची उंची, मीटरमध्ये. या सूत्राने छोट्या संचांसाठी ढोबळ पट्टे असे पडतात: एका जेटचं पेल्टन १२ ते ३०, टर्गो २० ते ७०, क्रॉसफ्लो २० ते ८०, फ्रान्सिस ८० ते ४००, आणि त्याच्या वर प्रोपेलर व कॅप्लान. या रेषा कुंपणासारख्या पक्क्या नाहीत. ७८ आले म्हणून क्रॉसफ्लो आणि ८२ आले म्हणून फ्रान्सिस, असं कुणी ठरवत नाही.

आता निव्वळ हेड. मोजलेले ४२ मीटर हे एकूण हेड झालं. २०० लिटर पाणी ४०० मिमीच्या पाइपातून सेकंदाला १.६ मीटर वेगाने जातं. १८० मीटर लांबीत घर्षणाने साधारण एक मीटर जातो. तोंडाची जाळी, वळणं आणि व्हॉल्व्ह मिळून आणखी एक मीटर धरा. म्हणजे टर्बाइनच्या तोंडाशी ४० मीटर उरले. पाइप ४०० चा घेतलात हे बरं केलंत. पैसे वाचवायला ३०० चा घेतला असता, तर हाच तोटा सात मीटरपर्यंत गेला असता, आणि मग कुठलंही टर्बाइन ती भरपाई करू शकलं नसतं. हा तोटा प्रवाहाच्या वर्गाने बदलतो हेही लक्षात असू द्या: १२० लिटरला तो पाऊण मीटरच्याही आत येतो आणि ६० लिटरला जेमतेम वीतभर राहतो. कोरड्या महिन्यांत म्हणून हेड किंचित वाढतं.

४० मीटर आणि २०० लिटर यांतून पाण्यात ७८.५ किलोवॅट असतात. छोट्या यंत्राची कार्यक्षमता ७८ ते ७९ टक्के धरली, तर शाफ्टवर ६२ च्या आसपास मिळतात. त्याचं वर्गमूळ ७.८७, ४० चा १.२५ घात १००.६. तुम्ही N च्या जागी १५०० घातले म्हणून ११७ आले.

माझा मुख्य आक्षेप या १५०० वर आहे. हेड आणि प्रवाह ओढ्याने ठरवून दिलेत, पण फेरे तुम्ही ठरवलेत. ५० हर्ट्झला चार पोलचा जनरेटर १५०० फेऱ्यांनी फिरतो, म्हणून टर्बाइनही तेवढ्यानेच फिरलं पाहिजे, असं तुम्ही नकळत गृहीत धरलं. सहा पोलचा जनरेटर घेतला तर N हजार होतो आणि ns ७८. मधे पुली आणि पट्टा टाकून टर्बाइन ५०० वर फिरवलं तर ns ३९. म्हणजे त्याच ओढ्यावर, त्याच पाण्यावर तुम्ही फ्रान्सिसच्या पट्ट्यातून क्रॉसफ्लोच्या पट्ट्यात, तिथून टर्गोच्या पट्ट्यात फिरून आलात. विशिष्ट गती टर्बाइन निवडून देत नाही. तुम्ही एखादी फिरण्याची गती निवडलीत, की त्या गतीला कुठल्या आकाराचा रनर बसतो एवढंच ती सांगते. हातात आणखी एक कळ असते. पाणी दोन यंत्रांत विभागलं, की प्रत्येकाची शक्ती निम्मी होते आणि ns १.४ ने भागला जातो: १५०० फेऱ्यांनाच ११७ चे ८३ होतात.

तेव्हा प्रश्न उलटा विचारू. प्रत्येक जातीच्या यंत्राला ४० मीटर आणि २०० लिटर दिले, तर ते स्वतःहून किती मोठं होतं आणि किती वेगाने फिरू मागतं?

पेल्टन आधी घेऊ, कारण ते लवकर बाद होतं. ४० मीटर हेडने जेट सेकंदाला सुमारे साडेसत्तावीस मीटर वेगाने निघतं. २०० लिटर एकाच जेटमधून काढायचे तर जेट ९६ मिमी जाड हवं. पेल्टनच्या चाकाचा व्यास जेटच्या निदान नऊ-दहा पट लागतो, म्हणजे जवळजवळ एक मीटरचं चाक. ते फिरणार मिनिटाला २५६ च्या आसपास, आणि त्याचा ns येतो २०. तक्त्यात अगदी नीट बसतं, पण जनरेटरपर्यंत पोचायला गती सहापट वाढवावी लागते, आणि एवढ्या शक्तीला एका टप्प्याच्या पट्ट्याने ते सुखाने होत नाही. चार जेट केले तर चाक निम्म्यावर येतं आणि फेरे ५१२ वर जातात. असं यंत्र चालतं, कमी पाण्यात एकेक जेट बंद करता येतं, कार्यक्षमताही उत्तम राहते. पण चार नोझलं, त्यांच्या चार सुया आणि सगळ्यांना वेढणारा वाटप-पाइप, एवढा खटाटोप ४० मीटरच्या हेडसाठी मी करणार नाही. हेड १०० मीटर असतं, तर मी पेल्टनपासूनच सुरुवात केली असती.

क्रॉसफ्लोचं काय होतं ते बघा. या यंत्राला रनरचा व्यास आणि फेरे यांचा गुणाकार, हेडच्या वर्गमुळाच्या ४० पट लागतो. व्यास मीटरमध्ये धरायचा. तुमच्या जागी तो गुणाकार येतो २५३. व्यास ५०० मिमी घेतला तर ५०६ फेरे, ३०० मिमी घेतला तर ८४३. मी ३०० घेईन: ns येतो ६६, आणि पट्ट्याने १५०० पर्यंत जायला गुणोत्तर लागतं १.७८, म्हणजे एका टप्प्यात आरामात. रनरची रुंदी प्रवाहावरून निघते. २०० लिटर भागिले साडेसत्तावीस मीटर, म्हणजे पाण्याच्या पत्र्याचं क्षेत्रफळ सुमारे ७३ चौरस सेंटिमीटर. पत्र्याची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, ३० मिमी, ठेवली तर रनर २४० मिमी रुंद लागतो. क्रॉसफ्लोत व्यास आणि रुंदी एकमेकांपासून सुटी असतात, ही या यंत्राची मोठी सोय. व्यास गतीसाठी निवडायचा, रुंदी पाण्यासाठी. म्हणून एकाच व्यासाचे रनर वेगवेगळ्या रुंदीत कापून एक कारखाना कितीतरी जागांना पुरा पडतो.

फ्रान्सिसला १५०० फेरे चालतात. ns ११७ म्हणजे फ्रान्सिसच्या पट्ट्याची मंद बाजू, रनर साधारण पाव मीटरचा. जनरेटर थेट जोडायचा, पट्टा नाही, पट्ट्यात वाया जाणारे तीन-चार टक्के नाहीत. पूर्ण पाण्यावर चांगलं बनवलेलं छोटं फ्रान्सिस ८७ टक्क्यांच्या आसपास देतं, क्रॉसफ्लो ७८. तुमच्या पहिल्या सल्लागाराने बहुधा एवढंच पाहिलं, आणि एवढंच पाहिलं तर तो बरोबर आहे.

उलट्या पंपाबद्दल थोडक्यात. पंप टर्बाइन म्हणून चालवला की त्याच्या सर्वोत्तम बिंदूवरचं हेड आणि प्रवाह दोन्ही, पंप म्हणून असतात त्याहून वाढतात. ८० टक्के कार्यक्षमतेचा पंप धरला, तर तुम्हाला १५०० फेऱ्यांना साधारण १६५ ते १७० लिटर आणि ३० मीटरचा पंप शोधावा लागेल; नावपट्टीवर ४० मीटर आणि २०० लिटर लिहिलेला नव्हे. असे पंप सहज मिळतात, स्वस्तही असतात. अडचण पुढे येते. पंपाला गाइड व्हेन, म्हणजे पाणी रनरकडे वळवणारी हलती पाती, नसतात; त्यामुळे पाणी कमी करायची सोयच नसते. १२० लिटरवर तो निम्मी शक्तीही नीट देत नाही आणि ६० लिटरवर जवळजवळ रिकामाच फिरतो. वर्षभर प्रवाह स्थिर असलेल्या जागेसाठी मी पंप आनंदाने सुचवतो. तुमचा प्रवाह तिपटीहून जास्त खालीवर होतो, तेव्हा इथे नाही.

उरले दोन. आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ बघू: चार महिने २००, चार महिने १२०, चार महिने ६०.

फ्रान्सिसमध्ये पाणी कमी करायचं म्हणजे गाइड व्हेन मिटत आणायच्या. रनरची पाती मात्र जिथल्या तिथे असतात. ठरलेल्या प्रवाहाला पाणी पात्यांवर योग्य कोनात चढतं आणि रनरमधून जवळजवळ सरळ खाली उतरतं. प्रवाह निम्म्याखाली गेला, की ते पात्यांवर आदळत चढतं आणि बाहेर पडताना भोवरा घेऊन उतरतं. रनरखालून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत, म्हणजे ड्राफ्ट ट्यूबमध्ये, दोरासारखा पीळ घेतलेला भोवरा तयार होतो आणि गोल फिरत राहतो. बाहेरून तो ओळखू येतो: ड्राफ्ट ट्यूबवरच्या गेजचा काटा एका लयीत पुढेमागे होतो, पायाला हादरा जाणवतो, आणि वीजभार स्थिर असूनही व्होल्टेज हलतं. १२० लिटरला, म्हणजे ६० टक्क्यांना, फ्रान्सिस अजून ८० च्या आसपास कार्यक्षमता राखतं. ६० लिटर म्हणजे ३० टक्के. तिथे बरेच उत्पादक सतत चालवायची हमी देत नाहीत. मी तिथे शून्य धरतो.

क्रॉसफ्लोत यावर एक जुनी आणि साधी युक्ती आहे. ऑस्ट्रेलियाच्या अँथनी मिशेलने या यंत्राचं पेटंट १९०३ मध्ये घेतलं, हंगेरीत डोनाट बांकीने त्यावर स्वतंत्र काम केलं, आणि जर्मनीत फ्रिट्झ ओसबर्गरने त्याला आजचं रूप दिलं. ओसबर्गरच्या यंत्रात रनरच्या रुंदीचे दोन कप्पे असतात, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश, आणि प्रत्येकाला वेगळी गाइड व्हेन. तुमच्या २४० मिमीचे ८० आणि १६० होतील. कोरड्या महिन्यांत फक्त लहान कप्पा उघडायचा. त्याचा पूर्ण प्रवाह ६७ लिटर, आणि तुमच्याकडे ६० आहेत. म्हणजे तो कप्पा जवळजवळ भरून चालतो. १२० लिटरला फक्त मोठा कप्पा उघडायचा. त्याची क्षमता १३३. योगायोगाने तुमचा ओढा या विभागणीला असा बसतो की तिन्ही ऋतूंत यंत्र आपल्या चांगल्या बिंदूजवळ राहतं. एक कप्पा चालू असताना रनरचा बाकीचा भाग हवेत फिरतो आणि थोडा तोटा होतो, म्हणून ६० लिटरला मी ७४ टक्के धरतो, १२० ला ७७.

आता शाफ्टवरचे किलोवॅट मांडू. क्रॉसफ्लो: भरपूर पाण्याच्या महिन्यांत ६१, मधल्यांत ३७, कोरड्यांत १८. फ्रान्सिस: ६८, ३९ आणि शून्य. तिन्ही काळ सारख्या लांबीचे असल्याने वर्षाची सरासरी काढायला तिनाने भागलं की झालं: क्रॉसफ्लोची ३९, फ्रान्सिसची ३६.

इथे थांबून क्रॉसफ्लोचा जयजयकार करणं सोपं आहे, पण हिशेब अजून पुरा झालेला नाही. तुम्ही ४२ मीटर ओढ्याच्या पाण्यापर्यंत मोजलेत. क्रॉसफ्लोचा रनर हवेत फिरावा लागतो. त्याच्या खालचं पाणी वर चढून रनरला लागलं, की यंत्र बुडतं आणि शक्ती कोसळते. म्हणून ते पुराच्या पातळीच्याही वर बसवायचं, आणि रनरपासून खालच्या पाण्यापर्यंतची उंची तुम्ही कायमची सोडून देता. पुरात ओढा तिथे दीड मीटर चढत असेल, तर वरचा मोकळा अर्धा मीटर धरून दोन मीटर गेले. निव्वळ हेड ३८ राहिलं. ६१ चे ५८ होतात, बाकीचेही पाच टक्क्यांनी उतरतात. त्यात पट्ट्याचे तीन-चार टक्के वजा करा. फ्रान्सिसला ही झळ लागत नाही. ते पाण्याच्या वर बसवलं तरी ड्राफ्ट ट्यूब खालच्या पाण्यात बुडालेली असते आणि मधली उंची ओढण्याच्या रूपाने परत मिळते. तुमच्या हेडला आणि या ns ला ते दोन-तीन मीटर वर बसवायला कॅव्हिटेशनची, म्हणजे कमी दाबाने पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन रनर खाल्ला जाण्याची, अडचण सहसा येत नाही. क्रॉसफ्लोलाही ड्राफ्ट ट्यूब आणि हवेचा व्हॉल्व्ह लावून यातली काही उंची परत मिळवता येते, पण तो व्हॉल्व्ह नीट जुळवलेला राहिला तरच. दूरच्या जागी त्यावर मी भिस्त ठेवणार नाही.

हे सगळं धरलं की दोघांची वर्षभराची सरासरी ३६ किलोवॅटच्या आसपास येऊन टेकते. बरोबरी! आणि एखाद्या उत्पादकाने ६० लिटरवरही फ्रान्सिस चालवून थोडीफार शक्ती दाखवली, तर वर्षाच्या युनिटांत फ्रान्सिस पुढे जाईल.

तरीही तुमच्यासाठी मी क्रॉसफ्लो म्हणतो, आणि कारण तुमच्या पत्रातच आहे: ग्रिड नाही. ग्रिडला वीज विकणाऱ्याला वर्षाची युनिटं मोजून पैसे मिळतात; त्याने भरपूर पाण्याच्या महिन्यांत ६८ किलोवॅट काढावेत आणि कोरड्या महिन्यांत यंत्र बंद करून देखभाल करावी. तो फ्रान्सिस घेईल आणि बरोबर करेल. वस्तीला मात्र ओल्या महिन्यांतले जादा दहा-बारा किलोवॅट बहुधा वापरताही येणार नाहीत, ते जादा वीज वळवणाऱ्या लोड कंट्रोलरच्या हीटरमध्ये जळतील. कोरड्या चार महिन्यांतले १७ किलोवॅट म्हणजे दिवे, पंप आणि बाकीचं सगळं. तिथे शून्य चालत नाही.

दुसरं कारण गाळ आणि पाला. पाव मीटरच्या फ्रान्सिस रनरच्या वाटा अरुंद असतात, आणि रनर व आवरण यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते. वाळूने ती फट वाढली, की पाणी रनरला वळसा घालून निसटतं आणि ते ८७ टक्के दोन-चार वर्षांत कुठल्या कुठे जातात. ही झीज दिसत नाही; गाइड व्हेन तेवढीच उघडी असून किलोवॅट कमी होत जातात, तेवढाच पुरावा. क्रॉसफ्लोत पाणी पात्यांतून आत शिरतं आणि पलीकडच्या पात्यांतून बाहेर पडतं, त्यामुळे आत जाताना अडकलेलं पान बाहेर पडताना बरंचसं धुऊन निघतं. पाती झिजली तरी ती डोळ्यांना दिसतात, आणि साधा वेल्डर रनर दुरुस्त करू शकतो. क्रॉसफ्लोची स्वतःची दुखणी आहेतच. पाती बाजूच्या तबकड्यांना जिथे जोडलेली असतात तिथे थकव्याने तडे जातात, आणि रनर फार रुंद व नाजूक केला तर लवकर जातात. तुमचा २४० मिमीचा रनर त्या बाबतीत आखूडच म्हणायचा.

फ्रान्सिस हवंच असेल तर एक तिसरी वाट आहे: १४० लिटरचं फ्रान्सिस आणि त्याच्या शेजारी ६० लिटरचा उलटा पंप. कोरड्या महिन्यांत पंप एकटा चालेल, आणि तिथे प्रवाह स्थिर असल्याने पंपाची खोडही आड येणार नाही. वर्षाची युनिटं या जोडीला सगळ्यांत जास्त मिळतील. पण दोन यंत्रं, दोन व्हॉल्व्ह, दोन जनरेटर आणि ते एकमेकांशी जुळवायचं काम. तिथे रोज राहणारा, हाताने कुशल माणूस असेल तरच या वाटेला जा.

क्रॉसफ्लोवर ठरलात तर पुली कापायच्या आधी हेड पुन्हा मोजा, आणि या वेळी रनरच्या शाफ्टपर्यंत. वरचे ८४३ फेरे ४० मीटरचे होते. ३८ मीटरला तोच रनर ८२० च्या जवळपास फिरू मागतो आणि पट्ट्याचं गुणोत्तर १.७८ चं १.८२ होतं. फरक किरकोळ वाटतो, आणि खरं तर तेवढ्या चुकीने कार्यक्षमता फारशी उतरत नाही. पण हेडमध्ये चार-पाच मीटरची चूक असली, की जनरेटर १५०० वर अडकवलेला असल्यामुळे रनर कायम चुकीच्या गतीने फिरत राहतो आणि गाइड व्हेन कितीही हलवली तरी ते सुधारत नाही. असं झालंय का ते ओळखायची खूण: गाइड व्हेन तेवढीच उघडी ठेवून वीजभार थोडा वाढवून फेरे कमी होऊ द्या. फेरे उतरल्यावर किलोवॅट वाढले, तर रनर गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतोय. मग पुली बदला, टर्बाइनला हात लावू नका. ही चाचणी हीटरच्या भारावर करा, वस्तीच्या लाइनवर नको.

जनरेटर घेताना धाव-गती विचारा. भार एकदम सुटला, की क्रॉसफ्लो ठरलेल्या गतीच्या १.८ पटीपर्यंत जातो. पट्ट्याच्या पलीकडे ते २७०० फेरे होतात. डिझेल इंजिनासाठी बनवलेले बरेच चार-पोली जनरेटर त्याच्या बरेच आत हात टेकतात, कारण इंजिन तेवढं कधी धावतच नाही. जलविद्युतसाठीचा, लेखी धाव-गती दिलेला जनरेटरच घ्या.

शेवटी, दरपत्रकं मागवताना तिन्ही विक्रेत्यांना एकच कागद पाठवा. शाफ्टपर्यंतचं निव्वळ हेड; २००, १२० आणि ६० लिटर हे तीन प्रवाह; आणि तिन्हींवर जनरेटरच्या टर्मिनलला किती किलोवॅट मिळतील ही रिकामी जागा, हमीच्या सहीसकट. फक्त पूर्ण प्रवाहाची कार्यक्षमता लिहून जो परत पाठवेल, त्याला ६० लिटरची जागा भरायला सांगा. तिथे जो आकडा येईल तो माझ्या शाफ्टवरच्या १७-१८ किलोवॅटहून जनरेटरच्या तोट्याएवढाच कमी असला, तर त्याच्याशी पुढे बोला. २२ च्या वर असला, तर चाचणीचे कागद मागा, कारण ६० लिटरमध्ये पाण्याचेच साडेचोवीस आहेत.